आई ए, वडील एबी आणि बाळ बी : रक्तगटाचं उत्तर कसं तपासायचं

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या वहिनीचं बाळंतपण झालं होतं. वहिनीच्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी कार्डावर, रक्तगट ए लिहिलेला, भावाच्या रक्तदानाच्या कार्डावर एबी, आणि बाळाचा रिपोर्ट आला बी. रिपोर्ट देणाऱ्या लॅबमधल्या कुणीतरी सहज म्हणून टाकलं, "आईचा ए आणि बाळाचा बी? जुळत नाही." तेवढ्या एका वाक्यावर घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. "सर, दवाखान्यात बाळ बदललं म्हणालेत घरी," ती रडत सांगत होती.

मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना जीवशास्त्र शिकवतो, त्याआधी काही वर्षं रक्तचाचणीच्या कामात होतो. ए आणि एबी पालकांना कोणत्या गटांची मुलं होऊ शकतात, याचं उत्तर चुकतं कुठे ते मी वहीतही पाहिलंय आणि माणसांच्या घरातही. म्हणून याच जोडीवर, ए आणि एबी, उत्तर कसं तपासायचं ते नीट सांगतो. बाकीच्या जोड्यांनाही हीच रीत लागते.

आधी लिहिण्याची एक सवय लावून घ्या. रक्तगट आणि जनुकांची जोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना एकच अक्षर वापरलं की गोंधळ तिथेच सुरू होतो. मी रक्तगट देवनागरीत लिहायला सांगतो आणि जोडी इंग्रजी अक्षरांत. रक्तगट म्हणजे रिपोर्टवर दिसतो तो : ए, बी, एबी, ओ. जोडी म्हणजे आत असते ती, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पुस्तकात तिला Iᴬ, Iᴮ आणि i अशी चिन्हं असतात. मी इथे त्यांनाच A, B आणि O म्हणतो, म्हणजे कागदावर पटापट लिहिता येतं.

A आणि B दोघेही आपला ठसा उमटवतात, O मात्र काहीच उमटवत नाही. म्हणून जोडीत A बरोबर O असला तरी बाहेरून गट ए-च दिसतो. आता उलट बघा. रिपोर्टवर ए लिहिलंय, तर आतली जोडी AA असेल किंवा AO असेल. बी म्हणजे BB किंवा BO. एबी म्हणजे फक्त AB. ओ म्हणजे फक्त OO. ए आणि बी या दोन गटांमागे काय दडलंय ते रिपोर्ट सांगत नाही, आणि तपासायला बसलेला माणूस नेमका तिथेच चुकतो.

माझ्या वर्गात मी हा प्रश्न दिला तेव्हा निम्म्या मुलांनी "ए आणि एबी" एवढंच लिहिलं. त्यांनी आईची जोडी AA धरली होती. ए म्हणजे AA, हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की AO ची आठवणच येत नाही. लॅबमधल्या त्या माणसाची चूकही हीच. उरलेल्यांपैकी काहींनी चारही गट लिहिले, म्हणजे ओ सुद्धा. एक उत्तर कमी पडलं, दुसरं जास्त झालं. दोन्ही चुका पकडायला दोन वेगवेगळ्या तपासण्या लागतात.

पहिली तपासणी : चौकट मांडा

आईच्या दोन्ही शक्य जोड्या कागदावर लिहा : AA, AO. वडिलांची एकच : AB. आता आई बाळाला काय काय देऊ शकते ते लिहा. AA असेल तर फक्त A. AO असेल तर A किंवा O. वडील A किंवा B देतात. "कुठले गट शक्य आहेत" असा प्रश्न असेल तर जास्तीत जास्त शक्यता देणारी जोडी घ्यायची, म्हणजे इथे AO. चौकट अशी होते :

```
                वडील
               A     B
आई     A      AA    AB
       O      AO    BO
```

AA आणि AO म्हणजे गट ए. AB म्हणजे एबी. BO म्हणजे बी. उत्तर : ए, बी, एबी. आई AA असती तर खालची ओळ नसती, फक्त AA आणि AB उरले असते. ते दोन्ही वरच्या यादीत आधीच आहेत, त्यामुळे वेगळं काही जोडावं लागत नाही.

चौकटीतला बी कुठून आला ते बोट ठेवून बघा. वडिलांचा B आणि आईचा O. आईने दिलेल्या O ने काहीच ठसा उमटवला नाही, म्हणून बाळ बाहेरून फक्त वडिलांसारखं दिसलं. आईचा वाटा त्यात अर्धा आहेच, तो फक्त रिपोर्टवर दिसत नाही. त्या घरातल्या सासूबाईंना मी हेच फोनवर सांगितलं. "आईचा वाटा आहे, पण तो मुका आहे," असं म्हटल्यावर त्यांना पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी बाळाच्या वजनाचा विचारला.

दुसरी तपासणी : बाळाकडून मागे या

चौकट मांडताना घाईत एखादी ओळ सुटू शकते किंवा एखादं अक्षर चुकीचं पडू शकतं. म्हणून उत्तरातला प्रत्येक गट उलट्या बाजूनेही तपासायचा. माझ्या मते चौकटीपेक्षा ही तपासणी जास्त भरवशाची आहे, कारण ती डोक्यातल्या डोक्यात होते आणि तिच्यात लपायला जागा नसते. बाळाचा गट घ्या, तो दोन भागांत फोडा आणि विचारा, एक भाग आई देऊ शकते का, दुसरा वडील देऊ शकतात का?

ओ घ्या. ओ म्हणजे OO, म्हणजे दोघांनीही O द्यायला हवा. वडील AB आहेत, त्यांच्याकडे O नाहीच. ओ कटला. चारही गट लिहिणाऱ्या मुलांची चूक इथे एका ओळीत सापडते. पालकांपैकी एकजण एबी असेल तर ओ मूल नेहमीच्या हिशेबात होत नाही, मग दुसरा पालक कुठल्याही गटाचा असो.

एबी घ्या. एकाने A आणि दुसऱ्याने B द्यायला हवा. आई A देते, वडील B देतात. जमलं. बी घ्या. BB किंवा BO. आईकडे B नाही, म्हणून BB शक्य नाही. BO हवा तर आईने O दिला पाहिजे. आई AO असू शकते का? असू शकते. जमलं. ए तर उघडच आहे.

याच रीतीने वहीतली दुसरी उत्तरं एका मिनिटात तपासून होतात. आई ए आणि वडील बी असतील तर चारही गट शक्य, कारण दोघांकडेही O लपलेला असू शकतो. आई एबी आणि वडील ओ असतील तर मुलं फक्त ए किंवा बी, म्हणजे एकाही पालकाचा गट मुलात दिसत नाही. हे उत्तर मुलांना इतकं विचित्र वाटतं की ते बरोबर लिहून मग खोडतात. खोडू नका, ते बरोबर आहे. दोन्ही पालक ओ असतील तर मुलं फक्त ओ.

टक्के विचारले तर

"गट कोणते" आणि "शक्यता किती" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या चौकटीतल्या चार खणांवरून ए निम्मे, एबी पाव, बी पाव असं निघतं. पण ते आई AO आहे हे माहीत असेल तरच. प्रश्नात नुसतं "आईचा गट ए" एवढंच दिलं असेल तर हे आकडे लिहिता येत नाहीत. लिहिले तर त्यात आपण स्वतःच्या मनाने एक माहिती घुसडलेली असते. उत्तर तपासताना आकडा दिसला की विचारायचं, ही जोडी कशावरून ठरवली? आणि पावाचा अर्थ असा नव्हे की चार मुलांत एक बी निघेलच. प्रत्येक बाळासाठी चौकट नव्याने मांडली जाते.

जोडी ठरवायला पुरावा लागतो, आणि तो बहुधा एक पिढी वर किंवा एक पिढी खाली सापडतो. आईची आई ओ गटाची असेल तर तिच्याकडून आईला O आलाच असणार, म्हणून आई नक्की AO. आईला आधीचं एखादं मूल बी किंवा ओ गटाचं असेल तरीही ती नक्की AO.

खानापूरच्या त्या घरात एक बारीक अडचण होती, ती सांगण्यासारखी आहे. बाळ बी आहे, म्हणून आई AO आहे, आणि आई AO आहे, म्हणून बाळ बी होऊ शकतं, असं म्हटलं तर आपण गोल फिरतो. बाळ त्यांचंच का, हाच तर प्रश्न होता. गोल तोडायला बाळाला सोडून दुसरीकडचा पुरावा हवा होता. वहिनीचं माहेर चंदगड तालुक्यातलं. तिची आई बाळंतिणीजवळ राहायला आलेलीच होती. मी म्हटलं, त्यांचाही गट बघून घ्या. त्या माउलीचा गट आजवर कधी तपासलाच नव्हता. रिपोर्ट आला ओ.

आता साखळी सरळ झाली. आजी OO, म्हणून आई नक्की AO, म्हणून AO आणि AB या जोडप्याला पावभर शक्यतेने बी मूल होतं. बाळाला मध्ये न घेता हे सिद्ध झालं. मी त्यांना एवढंच सांगितलं की रक्तगटात खटकण्यासारखं काहीही नाही. "बाळ तुमचंच आहे हे रक्तगटाने सिद्ध झालं," असं मात्र म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. लाखो बाळं बी गटाची असतात. ए-बी-ओची तपासणी एखादी शक्यता कापू शकते, नातं सिद्ध करू शकत नाही. ते काम डीएनए चाचणीचं. त्या घराला तिची गरज वाटली नाही. दवाखान्यात त्या रात्री दुसरं बाळंतपणच नव्हतं, हे नंतर कळलं. तेही कुणीतरी आधी विचारायला हवं होतं.

आरएच वेगळा ठेवा

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा जनुक ए-बी-ओपेक्षा वेगळ्या गुणसूत्रावर असतो, म्हणून त्याची चौकट वेगळी मांडायची आणि दोन्ही उत्तरं शेवटी एकत्र करायची. इथे D ठसा उमटवतो आणि d नाही. पॉझिटिव्ह म्हणजे DD किंवा Dd, निगेटिव्ह म्हणजे dd.

इथली नेहमीची चूक अशी : दोन्ही पालक पॉझिटिव्ह, म्हणून मूल पॉझिटिव्हच. तसं नाही. दोघेही Dd असतील तर मूल निगेटिव्ह होऊ शकतं. उलट दोघेही निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्हच अपेक्षित, आणि तिथे पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तर पुन्हा तपासायचं. आमच्या जोडप्यात आई ए पॉझिटिव्ह आणि वडील एबी निगेटिव्ह असते, तर ए, बी, एबी हे तिन्ही गट पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन्ही रूपांत शक्य झाले असते, म्हणजे सहा उत्तरं. ओ मात्र कुठल्याच रूपात नाही.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगतो. आई निगेटिव्ह असेल तर बाळाचा आरएच कागदावर काढून थांबू नका. बाळंतपणानंतर बाळाचं रक्त तपासतात आणि ते पॉझिटिव्ह निघालं तर आईला अँटी-डी इंजेक्शन 72 तासांच्या आत देतात. ते ठरवणं डॉक्टरांचं काम, आपल्या चौकटीचं नव्हे.

हिशेब बरोबर आणि रिपोर्ट उलटा

समजा, त्या घरात बाळाचा रिपोर्ट बी न येता ओ आला असता. एबी वडील आणि ओ मूल. चौकट सांगते, हे बसत नाही. मग काय करायचं? नात्यावर बोट ठेवण्याआधी रिपोर्टवर ठेवायचं, आणि त्यासाठी क्रम असा लावायचा.

पहिलं म्हणजे कागद आणि माणूस जुळतात का. नाव, वय, तारीख, नमुन्याची चिठ्ठी. मी काम करत असताना पाहिलेल्या "न जुळणाऱ्या" बहुतेक प्रकरणांची गाठ इथेच सुटायची. रक्तदान शिबिराचं जुनं कार्ड, लग्नाआधीची फाईल, कुणीतरी तोंडी सांगितलेला गट, यावर भरवसा ठेवू नका. आई, वडील आणि बाळ, तिघांचेही नमुने नव्याने तपासून घ्या.

दुसरं म्हणजे तपासणी दोन्ही बाजूंनी झाली का. काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवून त्यात निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि बिनरंगाचं अँटी-डी ही चाचणीची द्रव्यं मिसळतात आणि कुठे गुठळ्या होतात ते बघतात. ही तांबड्या पेशींची तपासणी झाली. दुसऱ्या बाजूने रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, माहीत असलेल्या ए आणि बी पेशींशी मिसळून बघतात. दोन्हींचं उत्तर एकच आलं पाहिजे. काही लोकांत A इतका क्षीण असतो की पहिल्या तपासणीत गुठळ्या दिसतच नाहीत किंवा जेमतेम दिसतात. एबी माणूस बी म्हणून लिहिला जातो, ए माणूस ओ म्हणून. दोन्ही बाजूंचं उत्तर वेगळं आलं की हा संशय घ्यायचा.

नवजात बाळाच्या बाबतीत ही दुसरी बाजू उपयोगाची नसते, कारण त्याच्या रक्तात स्वतःच्या प्रतिपिंडांची तयारी व्हायला काही महिने जातात, आणि जे असतात ते आईकडून आलेले असतात. त्याच्या पेशींवरचे ए-बीचे ठसेही मोठ्यांपेक्षा फिके असतात. म्हणून जन्मतःच्या रिपोर्टवर वाद असेल तर बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासून घेणं शहाणपणाचं. नाळेतून रक्त घेतलं असेल तर नाळेच्या चिकट द्रावामुळे खोट्या गुठळ्याही दिसू शकतात, तेही विचारून घ्या.

तिसरी शक्यता दुर्मिळ आहे, पण आपल्या भागात तिचं नाव माहीत असायला हवं. 1952 साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा गट नोंदवला. त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. मुंबई परिसरात दर दहा हजारांत साधारण एकजण अशा गटाचा असतो, असं मानतात.

गंमत समजायला एक पायरी खाली उतरावं लागतं. A आणि B हे ठसे थेट पेशीवर बसत नाहीत. आधी H नावाचा पाया लागतो आणि त्यावर ते चढतात. हा पाया बांधणारा जनुक वेगळ्या गुणसूत्रावर आहे : ए-बी-ओचा नवव्या, H चा एकोणिसाव्या. ज्याच्याकडे पाया न बांधणाऱ्या h ची hh अशी जोडी आली, त्याच्या पेशीवर पायाच नाही. मग आत A असो की B, वर काहीच दिसत नाही. नेहमीच्या काचपट्टीवर तो माणूस ओ म्हणून लिहिला जातो.

आता आमच्या जोडप्यावर हे लावा. वडील AB आणि Hh, आई AO आणि Hh. दोघांच्याही पेशींवर पाया आहे, म्हणून त्यांचे रिपोर्ट बरोबर एबी आणि ए. पण दोघांकडून h आला तर बाळ hh, आणि मग त्याच्या आत AB असला तरी रिपोर्ट ओ. चौकटीने "अशक्य" म्हटलेलं बाळ याच आईवडिलांचं असू शकतं. उलटही होतं. ओ लिहिलेली आई खरं तर hh असेल आणि तिच्या आत A असेल, तर ओ आई आणि ओ वडील यांचं मूल ए निघू शकतं.

ओळखायचं कसं? अँटी-एच नावाचं द्रव्य लागतं. खऱ्या ओ गटाच्या पेशींवर H भरपूर असतो, त्या त्याच्याशी घट्ट गुठळ्या करतात. बॉम्बे गटाच्या पेशी करत नाहीत. शिवाय मोठ्या माणसात त्याचं सीरम ओ गटाच्या पेशींनाही गोळा करतं, जे खऱ्या ओ गटाच्या सीरमने एरवी होत नाही. गावच्या छोट्या लॅबमध्ये अँटी-एच नसतं, मोठ्या रक्तपेढीत विचारावं लागतं. हे फक्त हिशेब जुळवण्यापुरतं नाही. बॉम्बे गटाच्या माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं. म्हणून असा संशय आला तर ते घरच्यांना लिहून द्यायला सांगा.

परीक्षेत मात्र, प्रश्नात H चा उल्लेख नसेल तर बॉम्बे रक्तगट मध्ये आणू नका. एबी वडिलांना ओ मूल होत नाही, एवढंच लिहा.

खानापूरच्या त्या बाळाचा गट सहा महिन्यांनी पुन्हा बघितला. बीच आला. तोवर आजी चंदगडला परतली होती. जाताना तिने आपला रिपोर्ट घडी करून लेकीच्या तायी कार्डाच्या पाकिटात ठेवला होता, दुसऱ्या खेपेला लागेल म्हणून.